दाबलेली कळ जाते कुठे?

संडासची कळ दाबून धरली की ती थोड्या वेळाने 'जिरते', असा आपल्याकडे पक्का समज आहे. घरात माणसं दहा आणि संडास एक असला की तो समज सोयीचाही ठरतो. पण जिरते ती फक्त जाणीव. मळ पोटातच असतो, आणि त्यानंतर त्याचं जे होतं ते फार कमी जणांना ठाऊक असतं.

सांगलीच्या गावभागातलं एखादं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. सुधारणा करताना न्हाणीघर आणि संडास एकाच दाराआड आले. दार सोप्यातून दिसतं आणि सासरे तिथेच पेपर वाचत बसलेले असतात. धाकटी सून साडेसहाला चहा घेते आणि पावणेसातला तिला कळ येते. आत दीर अंघोळ करतोय, त्याच्या मागे शाळेची मुलं. सासऱ्यांसमोरून दोनदा दारापर्यंत जाऊन परत यायचं तिला अवघड वाटतं. ती पोळ्या लाटायला लागते आणि पाच मिनिटांत कळ नाहीशी होते.

ती कळ चहानंतरच का आली? झोपेतून उठल्यावर मोठं आतडं जागं होतं, आणि जठरात काही पडलं की त्याच्या हालचालींना आणखी जोर येतो. मळ पुढे सरकून मलाशयात उतरतो. मलाशयाची भिंत ताणली गेली की गुदद्वाराचं आतलं कडं आपोआप सैल पडतं. या स्नायूवर आपला ताबा नसतो. तो क्षणभर सैल पडल्यामुळे मलाशयातला थोडा ऐवज खालच्या नाजूक, चेतातंतूंनी भरलेल्या त्वचेला टेकतो आणि ती त्वचा ओळखते, वायू आहे, पातळ आहे की घट्ट. दिवसातून कितीतरी वेळा आपल्या नकळत ही तपासणी होत असते. वायू सोडायला हरकत नाही, हे चारचौघांत बसलेल्या माणसाला कळतं ते याच तपासणीमुळे. शरीरातली इतकी हुशार यंत्रणा मला तरी दुसरी दिसत नाही.

निर्णय मात्र बाहेरच्या कड्याचा, म्हणजे आपला. आपण ते कडं आवळतो. त्याच वेळी मलाशयाला मागून गोफणीसारखा धरणारा स्नायूही घट्ट होतो आणि वाट वाकडी होते. मलाशय सैलावून आत आहे त्याला जागा करून देतं, काही मळ वरच्या वळणात परत ढकललाही जातो. ताण उतरतो, कळ थांबते.

वर गेलेल्या मळातून मोठं आतडं पाणी शोषत राहतं, ते त्याचं कामच आहे. लहान आतड्यातून रोज सुमारे दीड लिटर द्रव मोठ्या आतड्यात येतो आणि मळाबरोबर बाहेर पडतं जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी. मळ जितका रेंगाळेल तितका कोरडा, खड्यांसारखा होतो. मग जोर करावा लागतो, चीर पडते, दुखतं, आणि दुखण्याच्या भीतीने पुढची कळ आणखी दाबली जाते. हे महिनोन्‌महिने चाललं तर मलाशय ताणाला सरावतं आणि कळ यायलाच जास्त मळ साठावा लागतो.

1990 मध्ये जर्मनीत 12 निरोगी तरुणांना मुद्दाम कळ दाबायला सांगण्यात आलं. आठवडाभरात त्यांचं शौचाला जाणं तर कमी झालंच, पण मलाशयापासून लांब, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातही मळ मंदावला. खालचं दार बंद ठेवल्याचा निरोप पार वरपर्यंत जातो.

आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा मळ चिकटतो आणि चूर्णाने तो सुटतो, ही जाहिरात मात्र धादांत खोटी आहे. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं. शिवाय रोज एकदा पोट साफ झालंच पाहिजे असंही नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं सर्वसाधारण धरतात.

त्रास रांगेमुळे आहे की आणखी कशामुळे, हे कसं ओळखायचं? सून माहेरी गेली आणि तिथे काही दिवसांत, खाणं तेच असूनही, सकाळची कळ परत आली, तर कारण बहुधा सासरच्या दाराशी आहे. माहेरीही फरक पडला नाही, तर लोहाच्या गोळ्या, थायरॉईड अशी कारणं डॉक्टरांकडून पाहून घ्यावीत. रक्त पडणं किंवा वजन उतरणं असेल तर वाट पाहूच नये.

घरात बदल करायचा तर आधी अंघोळीची वेळ हलवावी. अंघोळ अर्ध्या तासाने केली तरी शरीराचं काही बिघडत नाही, कळ मात्र काही मिनिटंच टिकते. चहानंतरचा अर्धा तास त्या दाराआड कुणी अंघोळीला जायचं नाही, एवढं ठरलं तरी पुष्कळ, आणि ते सासऱ्यांनी किंवा सासूबाईंनी ठरवावं, सुनेने मागावं लागू नये. ज्या घरात तेही जमत नाही तिथे दुपारचं जेवण कामी येतं, कारण आतडं जेवणानंतरही हलतं. घर रिकामं असताना, जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी रोज त्याच वेळी जाऊन बसावं, जोर करू नये, आणि पाच-दहा मिनिटांत काही झालं नाही तर उठावं. ही वेळ अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात.