जिन्यात अचानक येणारं ‘काय रे, कसं काय?’

दोन माणसं बोलत असताना एकाचं वाक्य संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. या दोन्हींमध्ये किती वेळ जातो, हे भाषाशास्त्रज्ञांनी मोजलं आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांतली रोजची संभाषणं तपासली गेली. भाषेगणिक थोडा फरक होता, पण प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं सरासरी अंतर निघालं साधारण ०.२ सेकंद. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. एखाद्या वस्तूचं चित्र पाहून तिचं नाव उच्चारायला सुरुवात करायची, तर तेवढ्या एका शब्दाच्या जुळवणीलाच मेंदूला जवळपास ०.६ सेकंद लागतात. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपण त्याच्या वाक्याचा शेवट ओळखून उत्तराची तयारी सुरू केलेली असते. अंदाज बांधता येतो, म्हणूनच आपण वेळेवर बोलतो.

जिन्यात अचानक भेटलेल्या शेजाऱ्याच्या बाबतीत हा अंदाजच बांधता येत नाही. शिवाय अभिवादनाचं वाक्य इतकं छोटं असतं की तयारीला वेळ मिळायच्या आत ते संपतंही. बहुतेकांचं निभावून जातं, कारण त्यांचं उत्तर विचार न करता तोंडातून निघतं. ऑटिझम असलेल्या म्हणजेच स्वमग्न मुलामाणसांपैकी अनेकांना नेमकं हेच अवघड जातं. स्वमग्नतेच्या एका सिद्धांतानुसार त्यांचं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीत खोलवर गुंतलेलं असतं आणि तिथून ते सोडवून दुसरीकडे न्यायला जास्त वेळ लागतो. पायऱ्या मोजत किंवा मनातला एखादा विषय घोळवत उतरणाऱ्या मुलाला ‘काय रे’ ऐकू येतं, ते आपल्यासाठी आहे हे कळतं आणि उत्तरही आठवतं. पण तोवर काका एक मजला वर गेलेले असतात. काकांना वाटतं, पोरगं शिष्ट आहे. मुलाला बोलायचं होतं, पण वेळ निघून गेली.

म्हणून घरी टेबलाशी बसून ‘कोणी कसा आहेस विचारलं तर काय म्हणायचं?’ असा सराव कितीही केला, तरी जिन्यात तो कामी येत नाही. टेबलाशी शब्दांचा सराव होतो. जिन्यात अडचण असते ती वेळेची आणि लक्ष वळवण्याची.

इथे अभिवादनाची रचना मदतीला येते. अ‍ॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या संशोधकांनी १९७३ साली माणसं एकमेकांना कशी भेटतात, हे चित्रफिती बारकाईने पाहून नोंदवलं. भेटीचे टप्पे असतात: आधी एकमेकांना पाहणं, मग लांबूनच हात किंवा मान हलवून दिलेली पावती, मग जवळ येणं आणि शेवटी जवळून बोलणं. यातली लांबूनची पावती बिनशब्दांची असते आणि ‘मी तुला पाहिलं’ एवढं सांगायला ती पुरते. तेव्हा सरावाचं उत्तर दोन तुकड्यांत करावं, असं माझं ठाम मत आहे. पहिला तुकडा लगेचचा आणि कायम तोच: हात किंचित वर करणं किंवा मान हलवणं. दुसरा तुकडा शब्दांचा, तो सावकाश आला तरी चालेल. पहिला तुकडा पोहोचला की समोरचा माणूस थांबतो आणि दुसऱ्यासाठी वेळ मिळतो.

समजा, पंधरा-सोळा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा आहे. त्याला वाचता येतं, सोसायटीतल्या लोकांना उत्तर द्यायची त्याची स्वतःची इच्छा आहे, आणि खालच्या मजल्यावरचे काका रोज ‘काय रे, कसं चाललंय?’ विचारतात. त्याचा सराव असा बसवता येईल.

सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोरून अभिवादन करणार आणि दुसरं मुलाच्या मागे उभं राहणार. समोरून ‘काय रे, कसं चाललंय?’ आलं की मागचं माणूस न बोलता त्याचा हात हलकेच वर नेतं. त्याला स्पर्श आवडत नसेल, तर फक्त खूण करतं. मागच्याने गप्प राहणं फार महत्त्वाचं आहे. एकाच व्यक्तीने ‘कसं चाललंय?’ विचारायचं आणि तिनेच लगोलग ‘म्हण, बरं चाललंय’ असं सांगायचं, असं झालं तर मूल बहुतेकदा दोन्ही वाक्यं म्हणू लागतं. मग काकांनी ‘कसं चाललंय?’ विचारल्यावर तोही ‘कसं चाललंय?’ म्हणतो. असा प्रतिध्वनी ऐकू आला, तर शिकवण्याची पद्धत तपासायची.

हात वर जाणं पक्कं झालं की शब्दांचं कार्ड. त्यावर लिहायचं, ‘बरं चाललंय काका, तुम्ही कसे आहात?’ मुलाने ते वाचून उत्तर द्यायचं. पुढे कार्डावरचे शब्द शेवटाकडून कमी करत जायचे: ‘बरं चाललंय काका, तुम्ही’, मग ‘बरं चाललंय काका’, मग नुसतं ‘बरं’, मग कोरं कार्ड आणि शेवटी कार्डच नाही. या पद्धतीला स्क्रिप्ट फेडिंग म्हणतात. पॅट्रिशिया क्रांट्झ आणि लिन मॅकक्लानाहन यांनी १९९३ साली ती चार स्वमग्न मुलांवर वापरून दाखवली होती. त्या मुलांना आपणहून सवंगड्यांशी बोलायला शिकवायचं होतं. लिहिलेलं कार्ड हळूहळू पुसत नेता येतं. मागून ‘बोल ना’ म्हणणारा आवाज मात्र असा थोडा थोडा कमी करणं कठीण जातं आणि मूल त्या आवाजाचीच वाट पाहू लागतं. वाक्य पुसताना मुलाने ते बदललं, ‘मजेत काका’ म्हटलं, तर तेच ठेवावं. ते त्याचं स्वतःचं आहे.

इथवर सगळं जमलं, तरी ते फक्त त्या एका काकांपुरतं जमलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. याचा जुना आणि स्पष्ट पुरावा १९७४ सालचा आहे. ट्रेव्हर स्टोक्स, डोनाल्ड बेअर आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या, संस्थेत राहणाऱ्या चार मुलांना हात हलवून अभिवादन करायला शिकवलं. एकाच व्यक्तीने शिकवलं तेव्हा मुलं सहसा इतरांना हात करत नव्हती. मग दुसऱ्या एका व्यक्तीनेही तोच सराव घेतला, आणि मुलं संस्थेतल्या वीसहून अधिक कर्मचाऱ्यांना हात करू लागली. त्या कर्मचाऱ्यांनी त्यांना काहीच शिकवलेलं नव्हतं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण वर्षभर एकाच थेरपिस्टकडे छान उत्तर देणारं मूल बाहेर गप्प का, या आईबाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. निदान दोन माणसांनी आणि दोन जागी सराव घ्यायचा. मग ज्याने कधीच सराव घेतलेला नाही अशा तिसऱ्या व्यक्तीला अभिवादन करायला सांगायचं आणि काय होतं ते पाहायचं. खरी परीक्षा ती.

आता राहिला अचानकपणा. तोही पायरीपायरीने वाढवता येतो. आधी मुलाला सांगायचं, ‘आज जिन्यात कुणीतरी भेटणार आहे.’ कोण ते सांगायचं नाही. नंतर ‘संध्याकाळपर्यंत कधीतरी’ एवढंच सांगायचं. मग तो चित्र काढत असताना किंवा चपला घालत असताना अभिवादन करायचं, कारण गुंतलेलं लक्ष सोडवण्याचा सराव लक्ष गुंतलेलं असतानाच होऊ शकतो. अशी अचानक भेट होणार, याला त्याची संमती आधीच घेतलेली असावी. वाक्यंही बदलत न्यायची. ‘कुठे निघालास?’ ‘जेवण झालं का?’ ‘काय म्हणतंय कॉलेज?’ स्वमग्न मुलं अशा वाक्यांना अनेकदा खरे प्रश्न समजतात आणि खरं, तपशीलवार उत्तर शोधू लागतात. चालता चालता विचारलेल्या अशा प्रश्नांना हात वर आणि ‘हो काका’ किंवा ‘बरंय’ एवढं पुरतं, हे त्यांना उघड सांगावं लागतं. त्याच दिवशी तेच काका पुन्हा भेटले तर वाक्य पुन्हा म्हणायचं नसतं, नुसती मान हलवायची. हा नियम कुणी सांगत नाही, म्हणून मूल दिवसातून सहा वेळा तेच वाक्य म्हणतं आणि लोक हसतात.

डोळ्यांत बघण्याची सक्ती या सरावात नको. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या संशोधनात असं दिसलं आहे की डोळ्यांच्या भागाकडेच बघायला लावलं, तर अनेक स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत भावनिक उत्तेजना वाढते. ज्याला आधीच वेळ अपुरा पडतोय, त्याच्यावर आणखी एक ओझं टाकून काय मिळणार? सरावाचे दिवस सुरू झाल्यापासून मुलगा जिना टाळून लिफ्टने जातो, बाहेरून आल्यावर थकून खोलीत बसून राहतो, असं दिसलं तर सराव जास्त होतोय. आपलं वेगळेपण सतत झाकत राहण्याची मोठी किंमत मोजावी लागते, असं अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात.

स्वमग्न नसलेल्या पण खूप लाजणाऱ्या माणसाचं गणित वेगळं असतं. त्याला शब्द येतात, वेळही पुरतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली मांडलेल्या सामाजिक चिंतेच्या प्रारूपानुसार त्याचं लक्ष आत वळलेलं असतं: माझा आवाज कापतोय का, मी कसा दिसतोय. मनातल्या मनात वाक्याची उजळणी करत राहणं हा अशा माणसाचा बचाव असतो आणि त्यानेच भीती टिकून राहते. जमलं तर तो श्रेय उजळणीला देतो, त्यामुळे उजळणीशिवायही जमलं असतं हे त्याला कधी कळतच नाही. त्याला कार्ड देणं म्हणजे त्याचा बचाव आणखी पक्का करणं. त्याच्यासाठी सराव उलट दिशेचा. भेटीआधी भाकीत लिहायचं, उदाहरणार्थ ‘मी अडखळलो तर काकू तोंड फिरवतील’. मग वाक्य न ठरवता भेटायचं, लक्ष काकूंच्या हातातल्या पिशवीकडे, त्यांच्या आवाजाकडे ठेवायचं आणि त्यांनी खरंच काय केलं ते नंतर भाकितासमोर लिहायचं. काही माणसं स्वमग्नही असतात आणि चिंतितही. तिथे आधी पहिला तुकडा पक्का करून मग कार्ड लवकर काढून टाकणं मला योग्य वाटतं.

अर्धं काम शेजाऱ्यांचं आहे. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, २०१२ पासून मांडत आले आहेत की समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंनी असते. काकांना सांगण्यासारख्या गोष्टी सोप्या आहेत. आधी नाव घ्या आणि क्षणभर थांबा, म्हणजे त्याचं लक्ष वळेल. मग विचारा. विचारल्यावर मनात पाचपर्यंत आकडे मोजा आणि तेवढा वेळ दुसरा प्रश्न विचारू नका, कारण नव्या प्रश्नाने त्याची जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सोबत असलेल्या आईने ‘अरे, काका विचारतायत ना, सांग की’ असं मध्ये म्हणू नये. आणि त्याने नुसता हात वर केला, तर ते पूर्ण उत्तर समजून आपणही हात वर करावा आणि पुढच्या पायऱ्या चढाव्यात.