मोठा पंखा लावूनही बाथरूम ओलं का राहतं?

खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये बुरशी धरली की पहिला सल्ला मिळतो तो मोठा एक्झॉस्ट फॅन बसवण्याचा. पण पंखा जितकी हवा बाहेर काढतो, तितकीच आत आली पाहिजे. ती येणार कुठून, हे मात्र कुणी पाहत नाही.

2.4 मीटर लांब, 1.5 मीटर रुंद आणि 2.4 मीटर उंच बाथरूम घेऊ. त्यात सुमारे 8.6 घनमीटर हवा मावते. ती तासाला आठ-दहा वेळा बदलायची तर ताशी 90 घनमीटरचा पंखा पुरतो. मात्र खोक्यावरचा आकडा पंख्यापुढे कसलाही अडथळा नसतानाचा असतो.

आता दार बंद करा. दार 75 सेंटिमीटर रुंद आणि खाली 1 सेंटिमीटर फट असेल, तर एवढी हवा त्या फटीतून ओढायला साधारण 18 पास्कल दाबफरक लागतो. फट 2 सेंटिमीटर केली की हवेचा वेग निम्मा होतो. दाबफरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो चौथाईवर, म्हणजे साडेचार पास्कलवर येतो. उलट फट 2 मिलिमीटरच असेल, तर 25 पास्कल दाबफरक निर्माण करणारा पंखाही ताशी जेमतेम वीस घनमीटर हवा ओढेल. अशा वेळी मोठा पंखा आणला तर वाढतो तो मुख्यतः आवाज. बाहेर जाणारी नळी लांब किंवा वळणावळणाची असेल, तर तिचा अडथळा वेगळाच.

हे घरी तपासता येतं. पंखा चालू ठेवून दार हळूहळू लावा. दार बंद होताना पंख्याचा आवाज बदलला, आणि किलकिलं करताच पूर्ववत झाला, तर हवेची वाट अपुरी आहे. पंख्याच्या जाळीला कागद चिकटला म्हणून खूश होऊ नका. थोड्याशा ओढीनेही तो चिकटतो. दाराखाली फट ठेवता येत नसेल, तर दाराच्या खालच्या भागात जाळी बसवा. पंखा दारापासून दूरच्या बाजूला असावा, नाहीतर आलेली हवा ओल्या कोपऱ्याला न शिवताच निघून जाते.

पंखा किती वेळ चालवायचा? अंघोळीनंतर भिंती-फरशीवर अर्धा लिटर पाणी उरलं असं धरू. 25 अंशांना आत येणारी हवा 60 टक्के आर्द्र आणि बाहेर जाणारी 90 टक्के असेल, तर दर घनमीटरमागे सुमारे 7 ग्रॅम पाणी जातं. म्हणजे 70 घनमीटर हवा, अर्थात पाऊण तास. अंघोळ उरकताच पंखा बंद केला की हे पाणी तिथेच राहतं. कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवल्याने ओल जाते असं सांगतात, पण अर्ध्या लिटरपुढे तिची मजल फारच तोकडी.

आत येणारी हवाच 90 टक्के आर्द्र असेल, तर पंखा जवळजवळ काहीच वाळवू शकत नाही. अशा दिवसांत वायपरने भिंतींवरचं पाणी मोरीत लोटणं, हाच खरा उपाय.