स्वतःला ऐकू न येणारे गाणे: कॉलर ट्यून आणि बॅलन्समधून होणारी मूक कपात

कॉलर ट्यूनचे पैसे ज्याच्या बॅलन्समधून जातात, त्याला ती ट्यून कधीच ऐकू येत नाही. रिंगटोन आपल्या हातातल्या फोनवर वाजते, त्यामुळे ती सुरू आहे की बंद, हे आपल्याला कळते. कॉलर ट्यून मात्र कंपनीच्या सर्व्हरवरून, फोन करणाऱ्याच्या कानात वाजते. आपल्या क्रमांकाच्या नोंदीत या सेवेची खूण असेल, तर फोन उचलला जाईपर्यंत नेहमीच्या घंटीऐवजी गाणे पाठवले जाते, एवढीच ती व्यवस्था आहे. म्हणून एखाद्याने गणेशोत्सवात आरती लावून घेतली आणि पुढे विसरून गेला, तर पैसे वर्षभर कटत राहिले तरी आठवण करून देणारे त्याच्या फोनवर काहीच वाजत नाही. न कळत सुरू राहणाऱ्या सशुल्क सेवांची, म्हणजे व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिसची, सगळी गुंतागुंत या एका सेवेत सापडते, आणि म्हणूनच या टिपणासाठी तिची निवड केली आहे.

मुंबईत मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत आणि कंपन्यांचे उत्पन्न प्रामुख्याने बोलण्याच्या मिनिटांवर चाले. पुढे स्पर्धक वाढले, २००१ मध्ये एमटीएनएलची डॉल्फिन सेवा आली, २००३ मध्ये येणारे फोन मोफत झाले आणि मिनिटाचा दर उतरत गेला. बोलण्यातून मिळणारा पैसा घटत असताना कंपन्यांना दुसरे उत्पन्न हवे होते. कॉलर ट्यूनची सेवा २००२ मध्ये दक्षिण कोरियात सुरू झाली आणि २००४ च्या सुमारास भारतीय कंपन्यांनी ती आणली. महिन्याला ३० रुपये भाडे आणि निवडलेल्या गाण्याचे वेगळे पैसे, असा दर त्या काळात सर्रास आढळे. क्रिकेटचा स्कोअर, राशिभविष्य, विनोद, स्पर्धांचे एसएमएस अशा सेवाही त्याच काळात वाढल्या. या सेवा बहुधा बाहेरच्या पुरवठादार कंपन्या चालवत. वसुली मात्र मोबाइल कंपनीच्या खात्यातून होई आणि उत्पन्नाचा मोठा वाटाही तिच्याकडेच राही. त्यामुळे सेवा जोडण्यात दोघांचाही फायदा होता आणि ती काढून टाकण्यात कोणाचाच नव्हता.

येथे प्रीपेडची रचना कंपन्यांच्या मदतीला आली. पोस्टपेड ग्राहकाला महिन्याचे बिल येते आणि त्यात अशा सेवांची वेगळी ओळ असते, त्यामुळे बिल वाचणाऱ्याला ती दिसते. प्रीपेड ग्राहकाने पैसे आधीच भरलेले असतात आणि त्याला बिल मिळत नाही. कपात झाल्यावर त्याला दिसतो तो फक्त उरलेला आकडा, तोही त्याने पाहिला तर. पाच-दहा रुपयांसाठी कोणी कंपनीच्या दुकानात जाऊन भांडत बसत नाही, हे गृहीत धरूनच हा व्यवहार वाढला, असे माझे स्पष्ट मत आहे.

तक्रारी वाढल्या तशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ग्राहकाचा ‘होकार’ कशाला म्हणायचे, याची व्याख्या टप्प्याटप्प्याने घट्ट केली. मे २००५ मध्ये आदेश निघाला की ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कोणतीही सशुल्क सेवा सुरू करू नये. परंतु संमती म्हणजे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. कंपनीकडून आलेल्या फोनवर गाणे ऐकताना एखादे बटण दाबले गेले, कोणाची ट्यून वाजत असताना * दाबल्यामुळे ती आपल्या क्रमांकावर उतरली किंवा पडद्यावर अचानक उगवलेल्या संदेशावर ‘OK’ला बोट लागले, तरी त्याची होकार म्हणून नोंद होत असे. जुलै २०११ च्या आदेशाने त्यावर उपाय केला. सेवा सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत ग्राहकाने एसएमएस, ईमेल, फॅक्स किंवा लेखी स्वरूपात दुजोरा दिला तरच पैसे घ्यावेत, अन्यथा सेवा बंद करावी, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर १० जुलै २०१३ रोजी आजही महत्त्वाचा असलेला आदेश आला. दुसऱ्यांदा संमती घेणे त्याने बंधनकारक केले, ही दुसरी संमती सेवा विकणाऱ्याच्या नव्हे तर वेगळ्या संस्थेच्या यंत्रणेतून नोंदवण्याची अट घातली, आणि देशभर सर्व कंपन्यांसाठी सेवा बंद करण्याचा एकच निःशुल्क क्रमांक ठरवला: 155223.

या नियमांमुळे आपोआप सुरू होणाऱ्या सेवांना बराच आळा बसला. नूतनीकरणाचे दार मात्र उघडे राहिले. पहिल्या दिवशी दोनदा ‘हो’ म्हटले की त्यानंतर दर महिन्याला होणाऱ्या वसुलीसाठी नव्याने ‘हो’ लागत नाही. माझ्या लालबागच्या काकूंचे प्रकरण याच फटीतून घडले.

काकू प्रीपेड वापरतात. त्यांच्याकडे अमर्यादित कॉलचा पॅक असतो आणि मस्कतला असलेल्या भाच्याशी बोलण्यासाठी त्या अधूनमधून वेगळा टॉप-अप मारतात. एका सोमवारी त्यांनी १०० रुपयांचा टॉप-अप मारला. कर आणि शुल्क वजा जाऊन त्यांना ८१.७५ रुपयांचा टॉकटाइम मिळाला. आधीचे ४.९४ रुपये होते, म्हणजे बॅलन्स ८६.६९ रुपये व्हायला हवा होता. अर्ध्या तासात तो ५६.६९ दिसू लागला. त्यांनी मस्कतला फोनही लावला नव्हता. “अरे, मी एक शब्द बोलले नाही आणि तीस रुपये गेले कुठे?” असे त्यांनी मला विचारले.

कंपनीच्या ॲपमध्ये व्यवहारांचा इतिहास उघडल्यावर उत्तर सापडले. त्याआधी त्यांनी दोनदा १० रुपयांचे टॉप-अप मारले होते, प्रत्येकी ७.४७ रुपयांच्या टॉकटाइमचे. पहिल्या वेळी ७.४७ चे २.४७ झाले होते. दुसऱ्या वेळी २.४७ अधिक ७.४७ म्हणजे ९.९४ चे ४.९४ झाले होते. दोन्ही वेळा ५ रुपये गेले होते आणि शंभराच्या टॉप-अपनंतर ३०. तिन्ही कपातींपुढे एकाच सेवेचे नाव होते: कॉलर ट्यून.

कपातीची रक्कम बदलत का होती, हे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण या सेवांची हीच ठळक खूण आहे. नूतनीकरणाच्या दिवशी वसुलीची यंत्रणा आधी पूर्ण भाडे मागते. तेवढा बॅलन्स नसेल तर ती कमी दिवसांचा लहान हप्ता मागते, तोही नसेल तर सेवा तात्पुरती थांबवते. ती सेवेची नोंद काढून टाकत नाही, तर ठरावीक काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. त्यामुळे बॅलन्स शून्य असेपर्यंत काहीच घडत नाही आणि टॉप-अप पडताच पैसे जातात. ग्राहकाला वाटते की टॉप-अपमध्येच काही गडबड आहे. अमर्यादित पॅकमुळे हा गोंधळ आणखी वाढला आहे. पॅकचे पैसे या कपातीत जात नाहीत, ती मुख्य बॅलन्समधूनच होते, आणि बहुतेकांचा मुख्य बॅलन्स शून्यच असल्यामुळे जुनी सेवा महिनोन्‌महिने झोपलेली राहते.

मी माझ्या फोनवरून काकूंना फोन लावला, तेव्हा मला आरती ऐकू आली. मागच्या गणपतीत एक ध्वनिमुद्रित फोन आला होता, आरती आवडली म्हणून १ दाबला आणि ‘पुन्हा १ दाबा’ म्हटल्यावर पुन्हा दाबला, हे त्यांना तेव्हा आठवले. पहिला महिना मोफत असल्यामुळे तेव्हा काहीच कटले नव्हते. आपला क्रमांक दुसऱ्या फोनवरून लावून पाहणे, ही कॉलर ट्यून शोधण्याची सर्वांत सोपी पद्धत आहे. मात्र बॅलन्सअभावी सेवा थांबलेली असेल तर साधी घंटी ऐकू येते, म्हणून केवळ या तपासणीवर विसंबू नये. करोनाच्या काळात किंवा पुढे सायबर फसवणुकीबाबत फोन लागण्याआधी ऐकू येणाऱ्या सूचना सरकारी आदेशाने वाजत होत्या. त्यांचे पैसे कोणाच्याही बॅलन्समधून गेले नाहीत.

सेवा बंद करण्यासाठी आम्ही काकूंच्याच फोनवरून हा संदेश 155223 या क्रमांकावर पाठवला:

```
STOP
```

उत्तरादाखल सुरू असलेल्या सेवांची क्रमवार यादी आली. त्यातला कॉलर ट्यूनचा अनुक्रमांक पाठवल्यावर बंद केल्याचा संदेश आला. हाच क्रमांक फोन करूनही वापरता येतो. विनंती मिळाल्यापासून चार तासांत सेवा बंद व्हायला हवी. बंद झाल्याचा संदेश पुसू नये, कारण पुढच्या टॉप-अपला पुन्हा पैसे गेले तर तोच पुरावा ठरतो.

त्यानंतर पैशांसाठी 198 वर तक्रार नोंदवली आणि डॉकेट नंबर घेतला. संमतीशिवाय सुरू झालेल्या सेवेबाबत सुरू झाल्यापासून २४ तासांत कळवल्यास पैसे परत मिळण्याची तरतूद आहे. काकूंच्या बाबतीत ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. आम्ही सेवा कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने सुरू झाली आणि दुसऱ्या संमतीची नोंद कोठे आहे, एवढेच विचारले. नोंद मिळाली आणि तिच्यात दोन्ही वेळा १ दाबल्याचे दिसले. अखेर त्याच दिवशी गेलेले ३० रुपये परत आले, आधीचे १० आले नाहीत. नोंद खरी होती, त्यामुळे त्याबद्दल आम्ही वाद घातला नाही. पण दाबलेल्या त्या दोन आकड्यांवर किती महिने वसुली चालावी, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

तक्रारीचे उत्तर पटले नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्यासाठी शुल्क नाही. ॲपमधला इतिहास अपुरा असेल तर प्रीपेड ग्राहकाला मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब मागता येतो, आणि २०१२ च्या नियमांनुसार त्याचे शुल्क ५० रुपयांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराचे वाद आयोगापुढे चालत नाहीत, असा बचाव कंपन्या वर्षानुवर्षे घेत होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.

155223 ची मर्यादाही लक्षात ठेवावी. मोबाइल कंपनीमार्फत बॅलन्समधून वसूल होणाऱ्या सेवाच त्या यादीत दिसतात. यूपीआयच्या ऑटोपेवर किंवा प्ले स्टोअरच्या खात्यावर लावलेली वर्गणी तेथे दिसत नाही आणि तेथून बंदही होत नाही. ती त्या-त्या ॲपमध्ये जाऊनच रद्द करावी लागते. काकूंच्या फोनवर तसे काही नव्हते. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा १०० रुपये भरले, आणि संध्याकाळी मस्कतला फोन लावेपर्यंत त्यातला एकही पैसा कमी झाला नाही.