व्हेज चीज सँडविच: आधी स्लाइस तोला

आहाराच्या तक्त्यांत आणि मोबाइलवरच्या कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘ब्रेड, १ स्लाइस, इतक्या कॅलरी’ अशी नोंद सर्रास सापडते. लोक ती बिनदिक्कत दुप्पट करतात, वर चीजचा आकडा मिळवतात आणि सँडविचचा हिशेब पूर्ण झाला असं मानतात. पण स्लाइस हे काही माप नव्हे. एका पुड्यातला स्लाइस २४ ग्रॅम भरतो, तर दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या चौकोनी ब्रेडचा ४० ग्रॅम.

मुंबईच्या फुटपाथवर मिळतं तसं साधं सँडविच घेऊ. वीस ग्रॅमच्या चीज स्लाइसच्या साधारण ६० कॅलरी, १० ग्रॅम बटरच्या ७०, उकडलेल्या बटाट्याच्या चार चकत्यांच्या ३५. काकडी, टोमॅटो, कांदा, बीट आणि हिरवी चटणी हे सगळं मिळून ३०-३५. म्हणजे आतला ऐवज २०० कॅलरींच्या आसपास. पांढऱ्या ब्रेडमध्ये १०० ग्रॅमला सुमारे २६० कॅलरी असतात. लहान स्लाइस दोन घेतले तर ४८ ग्रॅम, म्हणजे १२५ कॅलरी. मोठे दोन घेतले तर ८० ग्रॅम, म्हणजे २०८. आतलं सारण तेच ठेवूनही सँडविच ३२५ वरून ४०८ वर गेलं. हा ८३ कॅलरींचा फरक अख्ख्या चीज स्लाइसपेक्षा जास्त आहे. कॅलरी वाचवायच्या म्हणून चीज वगळणारे बरेच भेटतात, पण ब्रेडचा पुडा बदलला की तेवढी बचत केव्हाच संपलेली असते.

शिवाय बटर पृष्ठभागावर लावलं जातं. नऊ सेंटिमीटर बाजूच्या स्लाइसचं क्षेत्रफळ ८१ चौरस सेंटिमीटर, अकराच्या स्लाइसचं १२१. सारख्याच हाताने बटर फासलं तर ते दीडपट लागतं, आणि आणखी ३५ कॅलरी वाढतात. स्लाइस नुसता जाड असेल तर मात्र बटर वाढत नाही.

आता खरी गंमत. दोन स्लाइस लांबी, रुंदी, जाडी सगळ्यांत सारखे असले, तरी वजन वेगळं असू शकतं, कारण ब्रेडमध्ये जागा बव्हंशी हवेने व्यापलेली असते. यीस्ट साखरेवर जगतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. मैद्यातल्या ग्लुटेनचा लवचिक पडदा तो वायू लहान लहान बुडबुड्यांत धरून ठेवतो आणि भट्टीत हे बुडबुडे फुगलेल्या स्थितीतच पक्के होतात. एका ग्रॅम ब्रेडने किती घनसेंटिमीटर जागा व्यापली, हा बेकरीशास्त्रातला महत्त्वाचा आकडा आहे. तो काढण्याची जुनी पद्धत मला फार आवडते: ठरावीक डब्यात ब्रेड ठेवायचा, उरलेली जागा मोहरीसारख्या बारीक बियांनी भरायची आणि रिकामा डबा भरायला लागणाऱ्या बियांपेक्षा किती कमी लागल्या ते मोजायचं. तेवढं ब्रेडचं आकारमान. पाण्यात बुडवून मोजता येत नाही, ब्रेड पाणी पितो.

दहा बाय दहा सेंटिमीटरचा, १.२ सेंटिमीटर जाडीचा स्लाइस १२० घनसेंटिमीटरचा झाला. हलक्या ब्रेडमध्ये एका ग्रॅमला ४.५ घनसेंटिमीटर धरले तर त्याचं वजन २७ ग्रॅम येतं. घट्ट ब्रेडमध्ये ३.५ धरले तर ३४ ग्रॅम. खऱ्या गव्हाच्या कणकेचा ब्रेड बहुधा या दुसऱ्या गटात मोडतो, कारण कोंड्याचे कण ग्लुटेनचा पडदा फाडतात आणि वायू निसटतो. म्हणून ‘ब्राउन ब्रेड म्हणजे कमी कॅलरी’ हा समज टिकत नाही. शंभर ग्रॅममागे दोन्ही ब्रेडच्या कॅलरी जवळपास सारख्याच असतात आणि ब्राउनचा स्लाइस अनेकदा जास्त जड भरतो. त्यात फायबर जास्त मिळतं हे खरं, पण तेही खरोखर कणकेचा असेल तरच. घटकांच्या यादीत मैदा पहिला आणि पुढे कॅरामल रंग असेल, तर तो तपकिरीपणा रंगाचा आहे.

घरी मोजायचं तर पुड्याच्या मधले चार-पाच स्लाइस एकत्र तोलून सरासरी काढावी. टोकाचे तुकडे घेऊ नयेत, ते बहुतेक कडच असतात. काटा नसेल तर पुड्यावरच्या वजनाला स्लाइसच्या संख्येने भागावं: ४०० ग्रॅममध्ये १६ स्लाइस म्हणजे प्रत्येकी २५ ग्रॅम. पाकिटावर ‘प्रति सर्व्हिंग’ कॅलरी दिल्या असतील, तर ते सर्व्हिंग एका स्लाइसचं आहे की दोनचं, हेही बघावं.

आणि तोलायचं ते टोस्ट करण्याआधी. टोस्टरमध्ये पाणी उडून जातं, कॅलरी उडत नाहीत. साठ ग्रॅम ब्रेड भाजून ५२ ग्रॅम झाला आणि कोणी ५२ ला पाकिटावरच्या आकड्याने गुणलं, तर उत्तर १३५ येईल. पोटात मात्र पूर्वीइतक्याच १५६ जातील.