एक पाय हलत नाही, दुसऱ्याला चटका कळत नाही

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू सांभाळते, हे शाळेत सगळेच शिकतात. पण बाजू नेमकी बदलते कुठे? बहुतेकांना वाटतं, मानेच्या वर एखादा चौक असेल आणि सगळे चेतातंतू तिथेच पलीकडे जात असतील. प्रत्यक्षात प्रत्येक मार्गाचा ओलांडा वेगळा आहे.

करंगळीएवढा जाड मेरुरज्जू आडवा कापला, तर मधोमध फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो आणि भोवती पांढरा. पांढऱ्यात तंतूंचे जुडगे असतात. पाठीकडचे जुडगे कंप आणि सांध्यांची स्थिती यांची खबर वर नेतात. ते आपल्याच बाजूने थेट मस्तिष्कपुच्छापर्यंत, म्हणजे मेंदूच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत, चढतात आणि तिथे बाजू बदलतात. स्नायूंना हुकूम देणारे तंतू उलट वरून येतात. त्यांतले ८० ते ९० टक्के मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या टोकाला ओलांडतात आणि रज्जूच्या कडेने उतरतात.

वेदना आणि तापमानाचा मार्ग मात्र उतावळा. त्याचा पहिला तंतू मेरुरज्जूत शिरला की करड्या भागातल्या पेशीला निरोप देतो. तिचा तंतू एक-दोन खंड, म्हणजे नसांच्या एकेका जोडीचे टप्पे, वर जाता जाता रज्जूच्या मध्यातूनच पलीकडे जातो, आणि मग पुढच्या-बाजूच्या पांढऱ्या भागातून मेंदूकडे निघतो.

आता समजा, चाकूच्या वाराने बेंबीच्या पातळीच्या खंडात, म्हणजे दहाव्या वक्षीय खंडात, रज्जूचा फक्त उजवा अर्धा भाग कापला गेला. उजवा पाय हलणार नाही. डोळे मिटून अंगठा वर आहे की खाली, तेही रुग्णाला सांगता येणार नाही. घोट्यावर ठेवलेल्या नादकाट्याची थरथर जाणवणार नाही. पण त्याच पायाला टाचणी टोचली तर तो कळवळेल! डावा पाय धड चालेल, पण गरम पाण्याचा चटका त्याला कळणार नाही, कारण डावीकडची वेदना आधीच ओलांडून उजवीकडे आली होती आणि तिथेच तुटली.

गंमत पुढे आहे. डावीकडची बधिरता बेंबीपासून सुरू होत नाही, तर थोडी खाली, अकराव्या-बाराव्या खंडाच्या त्वचेच्या पट्ट्यापासून. कापाच्या पातळीला डावीकडून आत शिरलेले तंतू कापाच्या वर गेल्यावर ओलांडतात, म्हणून त्यांची खबर वाचते. केवळ डावी बाजू तपासणारा डॉक्टर इजेची जागा एक-दोन खंड खाली समजून बसेल. नेमकी पातळी सांगते ती उजवीकडची अरुंद पट्टी: तिथे काहीच जाणवत नाही.

या लक्षणसमूहाला त्याचं वर्णन करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार यांचं नाव आहे. याच गृहस्थांनी १८८९ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणाचा अर्क स्वतःला टोचून तारुण्य परतल्याचं जाहीर केलं होतं. अर्क बाजारात खपला, तारुण्य काही परतलं नाही. रज्जूचं निरीक्षण मात्र टिकलं, कारण ते कुणालाही टाचणी आणि नादकाटा घेऊन पडताळता येतं.

अर्थात इतका नेटका अर्धा काप दवाखान्यात क्वचितच दिसतो. बहुतेकदा इजा वेडीवाकडी असते, आणि एक पाय फक्त जास्त लुळा, दुसरा फक्त जास्त बधिर, एवढाच फरक हाती लागतो.