नासलेल्या दुधाची मिठाई

दूध घट्ट करायचे मार्ग दोनच: आटवायचं किंवा फाडायचं. खवा पहिल्या मार्गाने होतो, छेना आणि पनीर दुसऱ्या. आपल्याकडच्या जुन्या मिठाया, म्हणजे पेढा, बर्फी, बहुतेक खव्याच्या. नासलेलं दूध अशुभ मानायचं, ही सवय जुनी. त्यामुळे दूध फाडायची कला पोर्तुगिजांनी 17 व्या शतकात बंगालला शिकवली, असं सर्रास सांगितलं जातं. हुगळीकाठी त्यांची वसाहत होती आणि ते चीज करत, हे खरं. पण 12 व्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त उकळत्या दुधात ताक घालून फाडलेला चोथा, त्यात तांदळाचं पीठ, मग तळून साखर, अशी कृती आहे. तेव्हा सगळं श्रेय पोर्तुगिजांना देणं मला पटत नाही. छेन्याला मोठं केलं ते मात्र बंगाल-ओडिशानेच. रसगुल्ला नेमका कुणाचा हा वाद तर दोघांनाही भौगोलिक मानांकन देऊन मिटवावा लागला: बंगालला 2017 मध्ये, ओडिशाला 2019 मध्ये.

‘पनीर’ हा शब्द फारसी. छेना आणि पनीर यांत फरक काय, तर पाण्याचा आणि दाबाचा. पनीरवर वजन ठेवून वडी घट्ट करतात. त्याला म्हशीचं दूध चांगलं. भाजीत ते विरघळत नाही ते म्हणूनच. छेना नुसता टांगतात, मग मळतात, आणि त्याला गाईचंच दूध हवं. म्हशीच्या दुधात केसीन हे प्रथिन आणि कॅल्शियम जास्त, त्यामुळे चोथा कडक होतो.

घरी करायचं तर एक लिटर गाईचं दूध उकळून थोडं निववा. लिंबाच्या रसात तितकंच पाणी घालून तो चमच्याचमच्याने सोडा. हिरवट निवळी सुटली की लगेच थांबा; पुढचा प्रत्येक थेंब छेना रबरी करतो. फडक्यात गाळून गार पाण्याने धुवा, अर्धा तास टांगा. पिळल्यावर पाणी ठिबकायला नको, पण ओल जाणवायला हवी. मग तळहाताच्या टाचेने आठ-दहा मिनिटं मळा. तळहात तुपकट झाला की थांबायचं. गोळीला भेग पडली तर छेना कोरडा आहे, पाकात गोळी विरघळली तर ओला. पातळ, खळखळत्या पाकात गोळी फुगून जवळपास दुप्पट होते. बाजारातलं पनीर कितीही किसून मळा, अशी फुगणार नाही. दाबाने त्याची वीण आधीच घट्ट झालेली असते.

खव्याला ही भानगड नाही, फक्त सतत ढवळत राहायचं, नाहीतर बुडाला लागतो. पेढ्याला घट्ट पिंडी खवा घेतात, गुलाबजामला मऊ, ओलसर. कलाकंद या दोन मार्गांच्या मधोमध बसतो: आटत्या दुधात चिमूटभर तुरटी टाकून ते जरासं फाडतात आणि तसंच आटवत नेतात. त्याचा रवाळपणा त्या थोड्याशा नासण्याचाच.