पाकिटावरची हिरवी मोहोर

कोकमाची सोले, काजूगर किंवा आंबापोळी 'सेंद्रिय' म्हणून जास्त दामाने घ्यावी का, हे पाकिटावरच्या चिन्हांवरून ठरवावे लागते. परदेशी गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून भारतात सेंद्रिय प्रमाणपत्राची राष्ट्रीय चौकट 2000 च्या सुमारास उभी राहिली. 'इंडिया ऑरगॅनिक' हे चिन्ह तिचेच. देशातल्या दुकानात मात्र 'ऑरगॅनिक' हा शब्द कोणीही छापत असे. 2017 च्या अन्न नियमांनी त्याला लगाम घातला आणि 'जैविक भारत' हे हिरवे चिन्ह आले.

गोंधळ त्यानंतरचा. या एका चिन्हाखाली दोन वेगळ्या व्यवस्था नांदतात. 'इंडिया ऑरगॅनिक' असेल तर बाहेरची मान्यताप्राप्त यंत्रणा बाग तपासून जाते. 'पीजीएस', म्हणजे सहभागी हमी पद्धत, असेल तर गटातले शेतकरीच एकमेकांच्या बागा तपासतात. दुसरी पद्धत लबाड नाही. शेजाऱ्याने कधी फवारणीचा पंप काढला, हे वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकापेक्षा शेजाऱ्यालाच जास्त ठाऊक असते. पण तिचा खर्च फारच कमी, त्यामुळे 'प्रमाणपत्र महाग पडते' म्हणून वाढवलेली किंमत तिथे पटत नाही. 'पीजीएस-ग्रीन' असेल तर बाग अजून रूपांतराच्या काळात आहे, पूर्ण सेंद्रिय नव्हे.

सर्वात वादाचा निर्णय छोट्या उत्पादकांचा. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला आणि थेट गिऱ्हाइकाला विकणारा शेतकरी प्रमाणपत्रातून सुटला, पण 'जैविक भारत' चिन्ह त्याला वापरता येत नाही. कोकणात याचा अर्थ उलटाच लागतो. परसातल्या रातांब्याला, म्हणजे कोकमाच्या झाडाला, बहुधा कोणी फवारणी करतच नाही. घरच्या सोलांवर चिन्ह नसते आणि शहरातल्या ब्रँडच्या तशाच सोलांवर असते. दुप्पट दाम देताना आपण बरेचसे कागदाचेच देतो. (सोलांत मीठ असतेच, पण सेंद्रिय घटकांची 95 टक्क्यांची अट मोजताना मीठ आणि पाणी धरत नाहीत.)

काजूचे तसे नाही. पालवी, मोहोर आणि फळधारणा या तिन्ही वेळी ढेकण्या या किडीसाठी फवारणी करण्याची शिफारस असते. ती टाळायची तर पीक गमवायची तयारी लागते. शिवाय इथले कारखाने आफ्रिकेतूनही काजू बी आणतात, म्हणून 'सिंधुदुर्गात प्रक्रिया केलेले' एवढ्यावरून बागेचा पत्ता लागत नाही. हापूसचेही तेच: तुडतुड्यांसाठीच्या फवारण्या आणि लवकर मोहोरासाठी मुळाशी घातलेले पॅक्लोब्युट्राझोल, दोन्ही सेंद्रियात बसत नाहीत. बहुवर्षीय झाडांना तर रूपांतराची तीन वर्षे काढावी लागतात, आणि तोवर माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. काजूगर किंवा आंबापोळीच्या पाकिटावर 'जैविक भारत' व 'इंडिया ऑरगॅनिक' ही दोन्ही चिन्हे आणि प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेचे नाव असेल तर जास्तीच्या पैशाला काही आधार आहे.

2018 मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन यात मोजू नये. ते आंबा कुठला हे सांगते, त्यावर काय फवारले हे नाही.